खणातला पेनड्राइव्ह आणि नवा कोरा पीसी

भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले आणि डोंबिवलीच्या घरी, डायनिंग टेबलावर, आम्ही दोघांनी मिळून पीसी जोडला. एएमडीच्या बी850 चिपसेटचा मदरबोर्ड, रायझन 9000 मालिकेतला प्रोसेसर, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि वेगळं ग्राफिक कार्ड. पहिल्याच झटक्यात पंखे फिरले, पडद्यावर बायोस आलं. विंडोज 11 टाकायला माझ्याकडे बूटेबल पेनड्राइव्ह तयार होताच. 2023 साली एका शेजाऱ्यांसाठी बनवला होता, तो खणातून काढला. फाइली कॉपी झाल्या, पीसी दोनदा रीस्टार्ट झाला, देश आणि कीबोर्ड निवडून झाला, आणि मग एक पान आलं ते हलेचना:

```
Let's connect you to a network
```

राउटरची केबल लावलेली, तिचा दिवा लुकलुकतोय, पण विंडोजच्या लेखी नेटवर्क नावाची वस्तूच त्या पीसीत नव्हती. वायफायच्या यादीतही शुकशुकाट. पुढे जाण्याचं बटण पुसट. भाचा म्हणाला, “मामा, बोर्डच खराब निघाला की काय?”

बोर्ड उत्तम होता. चूक माझ्या पेनड्राइव्हच्या वयात होती. इन्स्टॉलर बनतो त्या दिवशी बाजारात जेवढे भाग असतात, फार तर तेवढ्यांचेच ड्रायव्हर त्याच्या पोटात असतात. बी850 चिपसेटचे बोर्ड 2025 साली आले. भाच्याच्या बोर्डवर पाच गिगाबिटची लॅन चिप होती आणि सोबत वायफाय 7चं कार्ड. 2023च्या विंडोजला त्या दोन्हींची नावंही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. म्हणजे नेटवरून ड्रायव्हर आणायचा, तर आधी नेटचाच ड्रायव्हर हवा. नवा पीसी जोडणारे बरेच जण नेमके इथे अडकतात. त्यातून सुटायची तयारी मात्र पेनड्राइव्ह बनवतानाच करावी लागते, म्हणून तिथूनच सांगतो.

सरळ मार्ग मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलचा. दुसऱ्या कुठल्याही चालू विंडोज पीसीवर तो उतरवायचा, किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह लावायचा आणि विचारेल तिथे यूएसबीचा पर्याय निवडायचा. मी 16 किंवा 32 जीबीचा घ्यायला सांगेन, कारण आपल्याला त्यात ड्रायव्हरही ठेवायचे आहेत. पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं, आणि दोन पेनड्राइव्ह लावलेले असतील तर चुकीचा पुसला जाऊ शकतो. म्हणून या कामाच्या वेळी बाकीचे सगळे काढून ठेवावेत.

आयएसओ फाइल उतरवून ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर का चालत नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मदरबोर्डवरचं यूईएफआय पेनड्राइव्हवर एका ठरावीक ठिकाणी ठरावीक नावाची फाइल शोधतं:

```
\EFI\BOOT\BOOTX64.EFI
```

ती सापडली की बूट होतं. पण ती शोधायला यूईएफआयला पेनड्राइव्हची मांडणी वाचता यायला हवी, आणि त्याला हमखास वाचता येते ती जुनी फॅट32 मांडणी. फॅट32ची मर्यादा अशी, की तिच्यात 4 जीबीहून मोठी एकसंध फाइल मावत नाही. विंडोजच्या आयएसओमधली `install.wim` ही मुख्य फाइल आता त्याहून मोठी असते. म्हणजे पेनड्राइव्ह फॅट32 ठेवला तर फाइल मावत नाही, आणि एनटीएफएस केला तर अनेक बोर्ड तो वाचत नाहीत. मीडिया क्रिएशन टूल हा पेच जास्त दाबून बसवलेली `install.esd` ही लहान फाइल वापरून सोडवतं. रूफस या छोट्या मोफत प्रोग्रॅमची युक्ती वेगळी आहे. तो पेनड्राइव्ह एनटीएफएस करतो आणि टोकाला एक चिमुकलं फॅट विभाजन ठेवतो. यूईएफआय ते विभाजन वाचतं, आणि तिथला छोटा प्रोग्रॅम त्याला मोठं एनटीएफएस विभाजन वाचायला शिकवतो. रूफस वापरणार असाल तर विभाजनाची पद्धत `GPT` आणि लक्ष्य `UEFI` एवढं पाहून घ्या, बाकीचं तो स्वतःच ठरवतो. दोन्ही साधनं चांगली आहेत. हातात आयएसओ नसेल तर पहिलं घ्या, असेल तर दुसरं.

आता माझ्याकडून राहिलेला भाग. पेनड्राइव्ह तयार झाल्यावर त्यावर `Drivers` नावाचा फोल्डर करायचा. इन्स्टॉलरच्या फाइलींना त्याचा काही त्रास होत नाही. मग मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलचं सपोर्ट पान उघडायचं. मॉडेलचं नाव बोर्डवरच छापलेलं असतं, शेजारी बारीक अक्षरात `REV` असा आकडाही असतो. तोही जुळवावा, कारण त्याच नावाच्या दोन आवृत्त्यांवर लॅन चिप वेगळी असू शकते. त्या पानावरून लॅन, वायफाय, ब्लूटूथ आणि चिपसेट एवढे ड्रायव्हर घ्यायचे. ग्राफिकचा ड्रायव्हर ग्राफिक चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून. तो पाऊण जीबीच्या आसपास असतो, त्यासाठीच मोठा पेनड्राइव्ह. बॉक्समधल्या सीडीच्या नादी लागू नका. तिच्यावरचे ड्रायव्हर जुने असतात आणि नव्या कॅबिनेटला सीडीची खाच तरी कुठे असते!

लॅन आणि वायफायची झिप मात्र आधीच सोडवून ठेवावी. आत शेवट `.inf` असलेली फाइल दिसली पाहिजे. ड्रायव्हरचा खरा गाभा ती आणि तिच्या सोबतच्या फाइली. `setup.exe` हे त्यावरचं वेष्टन. अडलेल्या पानावर आपल्याला गाभाच लागणार आहे.

त्या रात्री माझ्याकडे हे काहीच नव्हतं. मी अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने पीसीला लावला आणि फोनच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग सुरू केलं. अशा फोनला लॅन कार्ड समजून वापरण्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो, त्यामुळे काही सेकंदांत पुढे जायचं बटण उजळलं. आयफोनचं इतकं सोपं नाही, त्याला ॲपलचा वेगळा ड्रायव्हर लागू शकतो. ऐनवेळी अडलेल्यांसाठी फोनचा उपाय चांगला आहे, पण आमची पुढची चूक त्यातूनच घडली.

डेस्कटॉप दिसल्याबरोबर भाच्याने ग्राफिक कार्डचा ड्रायव्हर फोनच्या नेटवरून उतरवला आणि चालवला. अर्धा पट्टा भरला असेल-नसेल, पडदा काळा झाला, परत आला, पुन्हा काळा झाला, आणि शेवटी इन्स्टॉलेशन अयशस्वी झाल्याचा संदेश. पुन्हा तेच. झालं असं होतं, की नेट मिळताच विंडोज अपडेटने मागच्या मागे त्याच कार्डचा आपल्याकडचा ड्रायव्हर आणून बसवायला घेतला होता. एकाच कार्डवर एकाच वेळी दोघांचं काम चाललं होतं. हे ओळखायची खूण सोपी आहे. आपण काही न करता पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Microsoft Basic Display Adapter` असं जे नाव होतं, त्याच्या जागी कार्डचं खरं नाव आपोआप दिसू लागतं. असं दिसलं की हात मागे घ्यायचा, विंडोज अपडेटचं काम पुरं होऊ द्यायचं, रीस्टार्ट करायचं आणि मगच आपला ड्रायव्हर चालवायचा.

ड्रायव्हर कुठल्या क्रमाने टाकायचे, यावर लोक हिरिरीने बोलतात. माझं मत असं: आजचं विंडोज एवढं समजूतदार आहे, की ऑडिओ आधी टाकला म्हणून लॅन बिघडत नाही. खरा प्रश्न दोनच गोष्टींचा असतो. कशावाचून काय अडतं, आणि विंडोज अपडेटला कधी आत घ्यायचं. ही दोन उत्तरं मिळाली की क्रम आपोआप लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळं पुसून, नव्या पेनड्राइव्हने, त्याच क्रमाने केलं.

सुरुवात बायोसपासून. नव्या बोर्डचं बायोस जुनं असेल तर ते विंडोज टाकण्याआधीच अद्ययावत केलेलं बरं. मग जिच्यावर विंडोज जाणार ती एसएसडी सोडून बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबली काढल्या. भाच्याची फोटोंची जुनी हार्डडिस्क जोडलेली होती. ती राहिली असती तर विंडोज एसएसडीवर आणि बूटचं छोटं विभाजन हार्डडिस्कवर, अशी फाटाफूट होऊ शकली असती. मग पुढे कधी ती हार्डडिस्क काढली की धडधाकट विंडोज असूनही पीसी सुरू होत नाही, आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

पेनड्राइव्हवरून बूट करायला बायोसमधला कायमचा क्रम बदलू नका. सुरू करताना एकदाच बूट मेन्यू उघडणारी कळ दाबा. असूसच्या बोर्डवर ती `F8` असते, एमएसआय आणि ॲसरॉकवर `F11`, गिगाबाइटवर `F12`. क्रमच बदलला तर पहिल्या रीस्टार्टनंतर पीसी पुन्हा पेनड्राइव्हवर जाऊ शकतो आणि सेटअप पहिल्यापासून सुरू होतो. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, त्यातला `UEFI` ने सुरू होणारा निवडायचा. दुसरा निवडला तर थोड्या वेळाने डिस्कची मांडणी जुळत नसल्याची तक्रार येते आणि माणूस विनाकारण एसएसडीला दोष देतो.

डिस्क निवडायच्या पानावर आमची एसएसडी लगेच दिसली, कारण एनव्हीएमईचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही मशीनवर, लॅपटॉपवर विशेष, ही यादी रिकामी येते. तिथे बायोसमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि एसएसडी तिच्या आड दडते. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर असेल तर `Load driver` दाबून त्याचा फोल्डर दाखवला की डिस्क येते. स्टोरेजचा ड्रायव्हर लागलाच, तर तो असा सगळ्यांच्या आधी, विंडोज टाकण्यापूर्वीच. बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण तो निर्णय आताच घ्यायचा. विंडोज टाकून झाल्यावर ती सोय बदलली तर विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाही आणि निळा पडदा येतो.

आणखी एक फसवा संदेश सांगून ठेवतो. सेटअपच्या सुरुवातीलाच

```
A media driver your computer needs is missing
```

असं आलं तर ड्रायव्हर शोधत बसू नका. बहुतेक वेळा पेनड्राइव्ह खराब लिहिला गेलेला असतो, आयएसओ अर्धवट उतरलेली असते, किंवा यूएसबीची खाच त्रास देत असते. आधी पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहा, मग तो नव्याने बनवा, शेवटी पेनड्राइव्हच बदला.

आता पुन्हा ते नेटवर्कचं पान. 24H2पासून पुढच्या विंडोज 11मध्ये या पानावरच ड्रायव्हर बसवण्याचं बटण दिलेलं आहे. ते दाबून पेनड्राइव्हवरचा लॅनचा फोल्डर दाखवला की काम झालं. जुन्या इन्स्टॉलरवर ते नसेल तर `Shift` आणि `F10` एकत्र दाबा, काळी खिडकी उघडेल. काही कीबोर्डवर सोबत `Fn` ही दाबावं लागतं. पेनड्राइव्हला कुठलं अक्षर मिळालंय ते `dir D:\`, `dir E:\` असं पाहत जाऊन शोधा, आणि मग लिहा:

```
pnputil /add-driver E:\Drivers\LAN\*.inf /subdirs /install
```

ही आज्ञा त्या फोल्डरमधले सगळे `.inf` ड्रायव्हर विंडोजच्या साठ्यात घालते आणि जो ज्या भागाला लागू पडेल तो बसवते. आमच्याकडे आता दोन्ही सोयी होत्या. लॅनचा दिवा तसाच लुकलुकत होता, पण या वेळी पुढे जाण्याचं बटणही उजळलं.

डेस्कटॉप आला आणि मी भाच्याला पहिली गोष्ट सांगितली, ती म्हणजे केबल काढ. आपल्याला लागणारं सगळं पेनड्राइव्हवर आहे, म्हणून नेट थोडा वेळ नकोच. विंडोज अपडेटने आधीच काही उतरवायला घेतलं असेल म्हणून एकदा रीस्टार्ट केलं. काही मदरबोर्ड नेट मिळताच स्वतःचा कंट्रोल प्रोग्रॅम टाकायची परवानगी मागतात, त्यालाही नकार दिला. ती सोय बायोसमधूनही बंद करता येते, आणि मी नेहमी करतो.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडला. सहा-सात ठिकाणी पिवळी खूण. त्यातल्या `SM Bus Controller` आणि `PCI Encryption/Decryption Controller` यांच्याकडे पाहून भाचा घाबरला. हे सुटे भाग नव्हेत, प्रोसेसर आणि चिपसेटच्या आतलेच कोपरे आहेत. म्हणून पहिला मान चिपसेटच्या ड्रायव्हरचा. एएमडीच्या पॅकेजमध्ये अशा अनेक कोपऱ्यांचे छोटे छोटे ड्रायव्हर एकत्र असतात. इंटेलचं चिपसेट पॅकेज त्याहून साधं आहे, ते मुख्यतः विंडोजला या भागांची नावं सांगतं. इंटेलच्या बोर्डवर `PCI Simple Communications Controller` अशी खूण उरली तर ती मॅनेजमेंट इंजिनची असते, त्याचा ड्रायव्हर बोर्डच्या पानावर वेगळा मिळतो. चिपसेट आधी टाकण्याचं सगळ्यात व्यवहारी कारण हेच. तो टाकून रीस्टार्ट केलं, विचारलं नसलं तरी केलं, की पिवळ्या खुणांची गर्दी ओसरते आणि खरोखर काय राहिलंय ते दिसू लागतं. आमच्याकडे दोनच उरल्या, आणि ग्राफिक कार्ड.

दुसरा ग्राफिकचा. केबल काढलेली असल्यामुळे मध्ये पडायला कोणी नव्हतं. पडदा एकदा काळा झाला, परत आला, अक्षरं सुबक झाली, चार मिनिटांत काम आटोपलं. रात्रीच्या झटापटीनंतर भाच्याला ते पटायला वेळ लागला. आधीच्या अर्धवट प्रयत्नाचे अवशेष असतील आणि विंडोज पुन्हा टाकायचं नसेल, तर एनव्हीडियाच्या इन्स्टॉलरमध्ये `Perform a clean installation` ही खूण करून पाहावी. बहुधा तेवढ्याने भागतं.

ग्राफिकनंतर रीस्टार्ट, आणि आता केबल परत. विंडोज अपडेट उघडून आता काही नवीन नाही असं ते स्वतः म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासायचं, मध्ये दोन-तीन रीस्टार्ट होतात. ऑडिओचा ड्रायव्हर बहुतेक वेळा याच फेरीत येतो, म्हणून तो मी आधी टाकतच नाही. मॉनिटरमधून येणारा एचडीएमआयचा आवाज तर ग्राफिकच्या ड्रायव्हरबरोबरच आलेला असतो.

एवढं करूनही एक पिवळी खूण राहिली, `Unknown device`. तिच्यावर राइट क्लिक, मग `Properties`, तिथे `Code 28` लिहिलेलं, म्हणजे ड्रायव्हरच नाही. `Details` मध्ये जाऊन यादीतून `Hardware Ids` निवडलं. ही ओळ वाचता आली तर कुठल्याही बोर्डवर अडत नाही. ती `PCI\VEN_` ने सुरू झाली तर पुढची चार अक्षरं चिप बनवणाऱ्याची: `8086` म्हणजे इंटेल, `1022` एएमडी, `10DE` एनव्हीडिया, `10EC` रिअलटेक, `14C3` मीडियाटेक. त्यापुढे `DEV_` नंतर चिपचा क्रमांक. भाच्याच्या लॅनची ओळ `PCI\VEN_10EC&DEV_8126` अशी होती, म्हणजे रिअलटेकची 8126 चिप. या उरलेल्या खुणेची ओळ मात्र `USB\VID_` ने सुरू होत होती.

“पण मामा, यूएसबीला तर काहीच लावलेलं नाही!”

लावलेलं होतं, आतून. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच छोट्या कार्डवर असतात, पण वायफाय पीसीआय एक्स्प्रेसवरून बोलतं आणि ब्लूटूथ यूएसबीवरून. म्हणून त्यांचे ड्रायव्हर दोन, आणि वायफाय छान चालत असताना ब्लूटूथ बेपत्ता असू शकतं. ज्यांनी वायफायचं कार्ड वेगळं विकत घेऊन खाचेत बसवलंय, त्यांना त्याची बारकी केबल बोर्डवरच्या यूएसबीच्या पिनांना जोडावी लागते. ती राहिली तर पिवळी खूणही येत नाही, ब्लूटूथ नुसतं नसतंच. आमच्या बोर्डवर कार्ड कंपनीनेच बसवलेलं होतं. पेनड्राइव्हवरचा ब्लूटूथचा ड्रायव्हर चालवला आणि यादी स्वच्छ झाली.

जुन्या हार्डडिस्कची केबल परत लावायच्या आधी मी एक शेवटचं काम करून घेतलं. पेनड्राइव्हवर `Chalu` नावाचा रिकामा फोल्डर केला, टर्मिनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं आणि लिहिलं:

```
pnputil /export-driver * E:\Drivers\Chalu
```

विंडोजच्या बाहेरून आलेला प्रत्येक ड्रायव्हर, अपडेटने आणलेलेसुद्धा, आपापल्या `.inf` सकट त्या फोल्डरमध्ये उतरला. कंपन्यांचे कंट्रोल पॅनेलचे प्रोग्रॅम त्यात येत नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. पण याच पीसीवर पुन्हा कधी विंडोज टाकायची वेळ आली, तर आधीच्या त्या `add-driver` आज्ञेला हा फोल्डर दाखवला की पुरतं. भाच्याने पेनड्राइव्हवर कागदी पट्टी चिकटवली, तिच्यावर बोर्डचं मॉडेल, महिना आणि वर्ष लिहिलं, आणि तो स्वतःच्या खणात ठेवला.